विश्लेषण : फोटो पाहून रानातली अळंबी खाण्याजोगी की विषारी, हे का सांगता येत नाही?

आषाढ-श्रावणात कोकण, गोवा आणि घाटमाथ्यावर अळंबीचा हंगाम असतो. हल्ली या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. बागेत किंवा बांधावर उगवलेल्या पांढऱ्या छत्रीचा फोटो आणि त्याखाली एक ओळ, ‘ही खायची आहे का?’ थोड्याच वेळात कुणीतरी खात्रीने ‘हो’ म्हणतो, कुणी ‘नाही’ म्हणतो, तर कुणी मोबाइलमधल्या ओळख अ‍ॅपचे उत्तर चिकटवतो. अळंबीच्या बाबतीत यातले ‘हो’ हे उत्तर धोकादायक ठरू शकते, कारण ज्या खुणांवरून निर्णय होतो त्यातल्या बहुतेक फोटोत येतच नाहीत. त्या खुणा कोणत्या, आणि त्या फोटोत का दिसत नाहीत?

फोटोत नेमके काय सुटते?

मोबाइलवरचा अळंबीचा फोटो बहुतेक वेळा उभ्याने, वरून काढलेला असतो. त्यात दिसते ती छत्रीची वरची बाजू. तिचा पांढरा, राखाडी किंवा तपकिरी रंग आणि घुमटासारखा आकार खाण्याजोग्या व विषारी अशा अनेक जातींमध्ये सारखाच असतो. ओळख पटवणाऱ्या खुणा तीन ठिकाणी असतात. पहिली छत्रीच्या खाली, जिथे पापुद्र्यांसारखे उभे पडदे म्हणजे कल्ले असतात. दुसरी देठावर. तिसरी मातीच्या आत, देठाच्या बुडाशी.

रंगही फोटोत विश्वासार्ह राहत नाही. झाडाच्या सावलीत हिरवट उजेड असतो, ढगाळ हवेत निळसर. मोबाइलचा कॅमेरा तो आपणहून दुरुस्त करतो आणि चित्र उठावदार करतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून जाताना फोटो आणखी दाबला जातो. कल्ल्यांवरची फिकट गुलाबी किंवा हिरवट झाक या प्रवासात पुसली जाते. अळंबी ओळखताना नेमकी हीच झाक कामाची असते.

त्यात पाऊसही भर घालतो. काही विषारी जातींच्या छत्रीवर पांढरे खवले किंवा चामखिळीसारखे ठिपके असतात. जोरदार सर आली की ते धुऊन जातात आणि छत्री गुळगुळीत, निरुपद्रवी दिसू लागते. देठावरचे कडेही गळून पडू शकते. शिवाय कोवळी अळंबी आणि दोन दिवसांची अळंबी, एकाच जातीची असूनही, दोन वेगळ्या जातींची वाटावी इतकी निराळी दिसते. फोटो त्यातला एकच क्षण पकडतो.

पश्चिम घाटातली लाडकी अळंबी कोणती आणि तिची खूण काय?

कोकण-गोव्यात जिच्यासाठी लोक पहाटे रान धुंडाळतात, ती प्रामुख्याने वाळवीच्या वारुळावर उगवणारी अळंबी. शास्त्रीय भाषेत या गटाला टर्मिटोमायसिस म्हणतात. वाळवी वारुळाच्या आत या बुरशीची अक्षरशः शेती करते. चघळलेल्या लाकूड-पाल्यापासून ती स्पंजासारखे पोळे तयार करते आणि त्यावर बुरशी वाढवते. पावसाळ्यात या पोळ्यातून कोंब फुटतात, माती भेदून वर येतात आणि छत्री उघडतात. वाळवीशिवाय ही अळंबी वाढवणे कठीण असल्यामुळे ती धिंगरी किंवा बटणासारखी शेडमध्ये पिकवून बाजारात येत नाही. जी मिळते ती रानातलीच.

या जीवनक्रमामुळे तिला काही खास खुणा मिळाल्या आहेत. माती भेदायची असल्याने बहुतेक मोठ्या जातींच्या छत्रीच्या मध्यभागी टणक, टोकदार उंचवटा असतो. देठ जमिनीखाली संपत नाही. तो निमुळता होत मुळासारखा खाली जातो आणि थेट वारुळातल्या पोळ्याला जोडलेला असतो. कल्ले देठाला चिकटलेले नसतात आणि तिचे बीजाणू फिकट गुलाबीसर असतात.

यातला टोकदार उंचवटा फोटोत दिसू शकतो. मुळासारखा देठ मात्र खणल्याशिवाय दिसत नाही. नुसती ओढली तर अळंबी जमिनीलगत तुटते आणि तिची सर्वात मोठी खूण मातीतच राहते.

तिच्यासारखी दिसणारी विषारी अळंबी कोणती?

यात दोन गट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ही उष्ण प्रदेशांत जगभर आढळते आणि आपल्याकडेही हिरवळीवर, बागेत, क्रीडांगणाच्या कडेला पाऊस पडल्यावर उगवते. छत्री मोठी, पांढरी, मध्यभागी तपकिरी खवले असलेली. देठावर वरखाली सरकवता येणारे कडे. कोवळेपणी कल्ले अगदी पांढरे असतात. बीजाणू पिकू लागले की ते हळूहळू राखाडी-हिरवट होतात. ही अळंबी खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मृत्यू सहसा होत नाही, पण शरीरातले पाणी इतके कमी होऊ शकते की रुग्णालयात दाखल करावे लागते. लहान मुलांना आणि वृद्धांना धोका अधिक.

दुसरा गट अमानिटा. यातल्या सगळ्याच जाती प्राणघातक नाहीत, पण जगात अळंबीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांना याच गटातल्या काही जाती कारणीभूत असतात. इंग्रजीत ‘डेथ कॅप’ म्हणून ओळखली जाणारी अमानिटा फॅलॉइड्स त्यातलीच. या गटाचे बीजाणू पांढरे असतात आणि अनेक जातींमध्ये देठाच्या बुडाशी पिशवी किंवा वाटीसारखे आवरण असते. कोवळी अळंबी आधी या आवरणात अंड्यासारखी बंद असते. ती फाडून वर आली की आवरणाचा खालचा भाग बुडाशी राहतो. ही पिशवी पुष्कळदा मातीत असते. अळंबी वरून खुडली की ती जमिनीतच राहते, आणि हातात उरते एक साधी, स्वच्छ, पांढरी छत्री.

एका फोटोवर ‘हो’ म्हणण्यात चूक कुठे होते?

समजा जुलैमध्ये एका सोसायटीच्या हिरवळीवर सात-आठ मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. कुणीतरी त्यातल्या एकीचा वरून फोटो काढून ग्रुपवर टाकतो. छत्री पांढरी, मध्यभागी तपकिरी. गावाकडे वारुळावरची अळंबी खाल्लेल्या माणसाला ती ओळखीची वाटते, कारण तिच्याही छत्रीचा मधला भाग गडद असतो. उत्तर येते, ‘अळंबीच आहे, भाजी करा.’

आता हीच अळंबी हातात घेऊन तपासू. मधला तपकिरी भाग जवळून पाहिला तर तो टणक, टोकदार उंचवटा नसून सुटे खवले आहेत. फोटोत दोन्ही एकसारखे तपकिरी दिसतात. कल्ले पांढरे आहेत, पण त्यावरून काहीच ठरत नाही. वारुळावरची अळंबी, कोवळी क्लोरोफायलम आणि अमानिटा या तिघींचेही कल्ले त्या वयात पांढरे असू शकतात. देठावर सरकणारे कडे आहे. ते धोक्याची सूचना देते. वारुळावरच्या अळंबीच्या काही जातींमध्येही कडे असते, त्यामुळे एवढ्यावरही निर्णय होत नाही. आता खुरप्याने आजूबाजूची माती काढून अळंबी बुडासकट उचलली. देठ खाली थोडा फुगलेला आहे आणि तिथेच संपतो. मुळासारखा भाग नाही, खाली वारूळ नाही. म्हणजे ही वारुळावरची मोठी अळंबी नव्हे.

शेवटची तपासणी बीजाणूंच्या ठशाची. पूर्ण उघडलेल्या छत्रीचा देठ कल्ल्यांच्या पातळीवर कापायचा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असा कागद घ्यायचा, कारण पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. छत्री कल्ले खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवायची आणि वाऱ्याने बीजाणू उडू नयेत म्हणून वर वाडगा पालथा घालायचा. रात्रभर तसेच ठेवून सकाळी दिवसाच्या उजेडात पाहायचे. आपल्या उदाहरणात ठसा हिरवट उमटतो. पांढरे कल्ले आणि हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. ज्या उत्तराला रात्रभर थांबावे लागले, ते आदल्या दिवशी फोटो पाहून दोन मिनिटांत दिले गेले होते, आणि ते चुकीचे होते.

बीजाणूंचा ठसा म्हणजे अंतिम पुरावा का?

नाही. ठसा अनेक शक्यता बाद करतो, पण एकट्याने ‘खा’ असे सांगत नाही. ठसा पांढरा असेल तर ती खाण्याजोगी असू शकते आणि प्राणघातक अमानिटाही असू शकते. ठसा गुलाबीसर असेल तर वारुळावरची अळंबी असू शकते, पण एन्टोलोमा नावाच्या गटाचाही ठसा गुलाबी असतो आणि त्यात विषारी जाती आहेत. तिथे दुसरी खूण लागते. वारुळावरच्या अळंबीचे कल्ले देठापासून सुटे असतात, एन्टोलोमाचे बहुधा देठाला टेकलेले. छत्री मधोमध उभी चिरली तर हा फरक स्पष्ट दिसतो. ठसा उमटलाच नाही, तर छत्री कोवळी किंवा फार जुनी आहे एवढाच त्याचा अर्थ.

मुळासारखा देठही एकट्याने पुरेसा नाही, कारण मातीत गाडलेल्या लाकडावर वाढणाऱ्या काही जातींनाही तो असतो. पिशवी नसणे हाही परवाना नव्हे. लेपिओटा नावाच्या लहान चणीच्या अळंब्यांमध्ये काही जाती अमानिटाइतक्याच घातक आहेत आणि त्यांना पिशवी नसते. म्हणून जाणकार कधीही एका खुणेवर निर्णय घेत नाहीत. उगवण्याची जागा, छत्री, कल्ल्यांची जोडणी, देठावरचे कडे, बूड आणि ठसा या सगळ्या खुणा एकाच जातीकडे बोट दाखवत असतील तरच ओळख पटली असे मानतात. एक खूण जरी विरोधात गेली तरी ती अळंबी बाजूला ठेवतात.

आणखी एक चूक टोपलीत होते. फोटो एका अळंबीचा असतो, भाजी वीस अळंब्यांची. एकाच जागी दोन जाती शेजारी-शेजारी उगवू शकतात. त्यामुळे तपासणी प्रत्येक अळंबीची स्वतंत्रपणे व्हावी लागते.

गावातले अनुभवी लोक तर पाहताक्षणी ओळखतात, ते कसे?

ते फक्त छत्री पाहत नाहीत. कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात, किती पावसानंतर अळंबी येते हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने ठाऊक असते. ती उपटताना हाताला लागणारा देठ, वास, चिवटपणा हे सारे त्या ओळखीत असते. फोटो मात्र जागा, ऋतू, वास आणि स्पर्श यांतले काहीच पाठवत नाही. म्हणून त्याच अनुभवी माणसाला फोटो दाखवला तर त्याची मदत करण्याची क्षमताही कमी होते.

शिवाय हे ज्ञान त्या-त्या परिसराशी बांधलेले असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही लोकांच्या बाबतीत असे घडले आहे. त्यांच्या देशात भाताच्या पेंढ्यावर वाढणारी अळंबी आवडीने खातात. ती कोवळेपणी अंड्यासारख्या आवरणात असते आणि तिच्या बुडाशीही पिशवी राहते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांना तशीच दिसणारी अळंबी मिळाली आणि त्यांनी ती खाल्ली. ती डेथ कॅप होती. पेंढ्यावरच्या अळंबीचा ठसा गुलाबी, डेथ कॅपचा पांढरा, एवढा स्पष्ट फरक असूनही अंड्याच्या अवस्थेत तो दिसत नाही. आपल्याकडेही गावाकडची ओळख शहरातल्या हिरवळीवर लावताना हाच धोका असतो.

ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर किती विसंबावे?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात विषबाधा तज्ज्ञांकडे आलेल्या ७८ नमुन्यांच्या फोटोंवर तीन अ‍ॅप तपासून पाहण्यात आली. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वात चांगल्या अ‍ॅपने ४९ टक्के, तर उरलेल्या दोघांनी प्रत्येकी ३५ टक्के नमुने बरोबर ओळखले. म्हणजे सर्वोत्तम अ‍ॅपही निम्म्याहून अधिक वेळा जात ओळखू शकले नाही. याचे कारण फोटोतच आहे. बूड आणि ठसा फोटोत नसेल, तर माणूस असो वा अ‍ॅप, दोघांनाही उरलेल्या चित्रावरून अंदाजच करावा लागतो. आपल्या डोंगरातल्या अनेक जातींचे नीट नोंदवलेले फोटो फार थोडे आहेत, ही अडचण वेगळीच.

चुकीची किंमत किती मोठी असते?

डेथ कॅपसारख्या जातींमधले अमाटॉक्सिन हे विष शिजवून, उकळून किंवा वाळवून नष्ट होत नाही. चव वाईट नसते, त्यामुळे खाताना शंका येत नाही. त्रास साधारण सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो. आधी उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळदा बरे वाटू लागते आणि रुग्ण घरी परततो. याच काळात विष यकृताच्या पेशींमधले प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडत असते. नंतर कावीळ, रक्तस्राव, यकृत निकामी होणे असा क्रम लागतो. वेळेत उपचार झाले तर अनेक जण वाचतात, पण खात्रीशीर उतारा नाही. काही वेळा यकृत प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाल्ल्याने काही दिवसांत १३ जणांचा मृत्यू झाला. त्यात चहामळ्यांतल्या कुटुंबांतले लोक मोठ्या संख्येने होते.

घरगुती कसोट्या या विषापुढे निरुपयोगी आहेत. चांदीचे नाणे काळे पडणे, सोबत शिजवलेला लसूण किंवा तांदूळ रंग बदलणे, छत्रीचे साल सहज निघणे, किड्याने किंवा गोगलगाईने खाल्लेली असणे, यांपैकी कशाचाही अमाटॉक्सिनशी संबंध नाही. गोगलगाय जी अळंबी सुखाने खाते ती माणसाला मारू शकते.

मग फोटोचा उपयोग काय?

फोटो ‘नको’ म्हणायला उपयोगी पडतो. बुडाशी पिशवी दिसली, कल्ले हिरवट दिसले, तर जाणकार लगेच थांबवू शकतो. तसा फोटो हवा असेल तर अळंबी बुडासकट खणून काढावी आणि चार फोटो घ्यावेत. उगवलेली जागा, छत्री बाजूने, कल्ले खालून आणि मधोमध उभी चिरलेली अळंबी. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. हाताळल्याने विष चढत नाही, नंतर हात धुणे पुरेसे. मात्र असे चार फोटो पाहूनही जो जाणकार ‘ओळख पटली नाही’ म्हणतो, तोच विश्वासाचा.

आणि चुकून खाल्लीच असेल तर?

त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जावे. खाल्ल्याची वेळ आणि पहिल्या उलटीची वेळ लिहून ठेवावी. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास हा डॉक्टरांसाठी अधिक गंभीर इशारा असतो. मात्र त्रास लवकर सुरू झाला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. उरलेली कच्ची अळंबी, शिजवलेली भाजी, निवडताना काढलेले देठ हे सारे कागदात गुंडाळून सोबत न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर कुजते. त्याच भाजीतले ज्यांनी ज्यांनी खाल्ले, त्या सगळ्यांना तपासणीसाठी न्यावे, त्यांना काही होत नसले तरीही. जुलाब थांबून बरे वाटले तरी डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या पूर्ण झाल्याचे सांगेपर्यंत घरी परतू नये.